जोड्या लावा: ‘उरलं म्हणून लावलं’ याला आळा कसा घालायचा?

प्रश्न: सर, मी मिरज तालुक्यात आठवीला इतिहास शिकवते. घटक चाचणीत ‘घटना आणि परिणाम’ अशा जोड्या देते. तोंडी विचारलं की मुलं गप्प बसतात, पण जोड्यांमध्ये चारपैकी चार गुण. एकीला विचारलं तर म्हणाली, “बाई, दोनच येत होत्या, बाकीच्या उरल्या म्हणून लावल्या.” उरलं म्हणून लावता येणार नाही अशा जोड्या कशा काढायच्या? माझा प्रश्न असा होता:

‘अ’ गट: १) बंगालची फाळणी (१९०५) २) रौलट कायदा (१९१९) ३) चौरीचौरा (१९२२) ४) क्रिप्स योजना (१९४२)

‘ब’ गट: क) असहकार चळवळ मागे घेण्यात आली ख) १९४२ ची ‘छोडो भारत’ चळवळ ग) ती १९११ मध्ये रद्द झाली घ) ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर हरताळ

उत्तर:

मॅडम, ती मुलगी “दोन येत होत्या” म्हणाली तेही तिने जरा वाढवूनच सांगितलं असेल. तुमचा हा प्रश्न इतिहासाचं पुस्तक न उघडता सुटतो. १९४२ समोर १९४२, १९१९ समोर १९१९, झाल्या दोन जोड्या. मग ‘ब’ गटातलं ‘ती’ पाहा. उरलेल्या दोन घटनांपैकी स्त्रीलिंगी काय आहे? फाळणी. चौरीचौरा हे तर गावाचं नाव. तिसरी जोडी झाली आणि चौथी आपोआप पडली. मराठीत हा घोटाळा हमखास होतो. सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही लिंग सांगतात, त्यामुळे ‘ती’, ‘त्याला’, ‘तिच्यामुळे’ असे शब्द ‘ब’ गटात आले की व्याकरणच उत्तर सांगून टाकतं. कायदा पुल्लिंगी, फाळणी स्त्रीलिंगी, हत्याकांड नपुंसकलिंगी. ही तीन एका गटात आणि समोर एक ‘ते’ असलं की संपलं.

आणखी एक, जरा कडक वाटेल. फाळणी रद्द होणं हा फाळणीचा परिणाम नाही, ते फाळणीचं पुढं काय झालं याचं उत्तर आहे. परिणाम म्हणजे वंगभंगाची चळवळ, आणि त्या चळवळीच्या रेट्यामुळे १९११ मध्ये फाळणी मागे घ्यावी लागली. जोड्या काढताना घाईत हे दोन टप्पे एकात मिसळतात आणि मुलांच्या डोक्यातही ते तसेच मिसळून राहतात.

आता मूळ दुखणं. चारास चार जोड्या दिल्या की प्रत्येक कच्च्या मुलाला सरासरी एक गुण फुकट जातो. कसा ते पाहा. मुलाला दोन जोड्या पक्क्या येतात, दोन उरल्या. त्या तो डोळे मिटून लावतो. एक तर दोन्ही बरोबर येतील, नाहीतर दोन्ही चुकतील. म्हणजे सरासरी एक गुण. एकच जोडी येत असेल तर उरलेल्या तिन्ही अंदाजाने लावल्यावर सरासरी पुन्हा एक. काहीच येत नसेल तरी चार जोड्या ठोकून सरासरी एकच. तीन येत असतील तर चौथी हातातच आहे. जोड्या चार असोत की आठ, हा हिशेब बदलत नाही. म्हणून जोड्यांची संख्या वाढवून काही साधत नाही, फक्त तपासायचं काम वाढतं.

याची एक खूण तुमच्याच गुणपत्रकात सापडेल. चारास चारच्या प्रश्नात चारही जोड्या सोडवलेल्या कोणत्याही मुलाला तीन गुण मिळूच शकत नाहीत. तीन बरोबर आल्या की चौथी चुकायला जागाच उरत नाही. आधीच्या चाचण्या काढून पाहा. शून्य, एक, दोन आणि एकदम चार, मधला तीनचा रकाना रिकामा. एखाद्याला तीन दिसलेच तर त्याने एक जोडी सोडलेली असते, एकच अक्षर दोनदा लिहिलेलं असतं किंवा तुमची बेरीज चुकलेली असते. मला हे नोकरीत बऱ्याच उशिरा कळलं, तेही चाचणीचे गुण रजिस्टरमध्ये चढवता चढवता.

यावर पहिला उपाय सगळ्यांना माहीत आहे: ‘ब’ गटात दोन पर्याय जास्त द्यायचे. चार घटना, सहा परिणाम. आता दोन येणाऱ्या मुलापुढे दोन घटना आणि चार परिणाम उरतात, फुकटचा एक गुण सरासरी अर्ध्यावर येतो. तीन येणाऱ्यालाही चौथीसाठी तिघांतून एक निवडावा लागतो. अंदाज पूर्ण बंद होत नाही, तो महाग होतो, एवढंच. पण हा हिशेब तेव्हाच खरा जेव्हा ते दोन जादा पर्याय मुलाला खरंच खरे वाटू शकतात. चौरीचौऱ्याच्या पंगतीला ‘पानिपतची तिसरी लढाई झाली’ असं टाकलं तर मूल ते पहिल्याच वाचनात काढून टाकतं आणि तुम्ही पुन्हा चारास चारवर येता. खरी मेहनत इथेच आहे.

तुमच्या प्रश्नावरून मी नवा प्रश्न बांधून दाखवतो. पहिला कच्चा खर्डा आधी दाखवतो, कारण तो कसा फसला हेच जास्त उपयोगाचं आहे.

तुमच्या ‘ब’ गटात एक चळवळ, एक माघार, एक रद्द होणं आणि एक हरताळ आहे. प्रत्येक वस्तूची जात वेगळी, म्हणून ती दुसऱ्या कशाला लागतच नाही. सगळे परिणाम एका जातीचे हवेत. मी ठरवलं की सगळे परिणाम म्हणजे ‘त्या घटनेमुळे गांधीजींनी काय केलं’ एवढंच ठेवायचं. कर्ता एक झाला, वाक्यांचा साचा एक झाला आणि लिंगाची अडचणही गेली. काळही आवळला: १९१९ ते १९३२. काळ पसरट असला की मूल एवढंच बघतं की परिणाम घटनेच्या आधी येऊ शकत नाही, आणि निम्मे पर्याय त्यातच गळतात. कंसातली सालं दोन्हीकडून काढून टाकली. बंगालची फाळणी आणि क्रिप्स योजना या चौकटीत बसत नव्हत्या, त्या सोडून दिल्या.

पहिला खर्डा असा होता.

‘अ’ गट: १) रौलट कायदा मंजूर झाला. २) चौरीचौरा येथे पोलीस ठाणे जाळण्यात आले. ३) व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी करार झाला. ४) जातीय निवाडा जाहीर झाला.

‘ब’ गट: क) गोलमेज परिषदेला हजर राहिले. ख) उपोषण केले. ग) मिठाचा कायदा मोडण्यासाठी यात्रा काढली. घ) देशभर हरताळ पाळण्याचे आवाहन केले. च) चालू आंदोलन मागे घेतले. छ) वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

दिसायला ठीक आहे. जादा पर्याय ‘ग’ आणि ‘छ’. आता मी जे करतो ते तुम्हीही करा: वहीच्या पानावर चार आडव्या ओळी आणि सहा उभे रकाने आखा. चोवीस घरं झाली. चार घरांत बरोबरची खूण. उरलेल्या वीस घरांपैकी प्रत्येकात ‘का नाही’ ते दोन-तीन शब्दांत लिहा. लिहिता येत नाही असं एक जरी घर सापडलं तरी प्रश्न अजून तयार नाही.

या खर्ड्यात मला दोन घरं अडली. आयर्विन कराराच्या ओळीत ‘चालू आंदोलन मागे घेतले’ हे घर आलं आणि पेन थांबलं. मार्च १९३१ च्या त्या करारात सविनय कायदेभंग थांबवायचं ठरलंच होतं. म्हणजे ‘च’ हा चौरीचौऱ्यालाही लागतो आणि करारालाही. दुसरं घर चौरीचौरा आणि ‘उपोषण केले’. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याच्या हिंसेचं प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी पाच दिवसांचं उपोषण केलं होतं. एखाद्या वाचणाऱ्या मुलाने ‘२-ख’ लिहिलं तर तुम्ही त्याला चूक कशी देणार?

इतिहासातल्या जोड्यांचा खरा धोका हा आहे, भूगोलातल्या किंवा विज्ञानातल्या जोड्यांना तो एवढा नसतो. राज्य आणि राजधानी बहुतेक एकास एक असतात. घटनेला मात्र पाच परिणाम असतात आणि एका परिणामामागे तीन घटना. आपण अंदाज अडवायला जातो, पर्याय एकमेकांच्या जवळ आणतो, आणि जवळ आणता आणता दोन उत्तरं बरोबर होऊन बसतात. मग सगळ्यात हुशार मुलाचेच गुण जातात.

माझ्याकडून हे झालेलं आहे. साताऱ्याला असताना एका चाचणीत मी जादा पर्याय म्हणून ‘असहकार चळवळीची घोषणा केली’ असं टाकलं होतं. एका मुलाने ते रौलट कायद्यासमोर लावलं, मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा. असहकाराच्या मागे पंजाबातला अन्याय आणि खिलाफतीचा प्रश्न होता, आणि पंजाबातल्या त्या अन्यायाची सुरुवात रौलट कायद्यापासूनच होते. पोरगं बरोबर होतं. त्याला गुण दिला आणि ज्यांनी तेच लिहिलं होतं त्यांच्या वह्या परत मागवल्या. चोवीस घरांचा नाद मला तेव्हापासून लागला.

दुरुस्ती बहुतेक वेळा एका शब्दाची असते. ‘चालू आंदोलन’ऐवजी ‘असहकार चळवळ’ केलं की आयर्विन कराराचं घर मोकळं होतं, कारण १९३१ मध्ये थांबलेलं आंदोलन सविनय कायदेभंगाचं होतं. ‘उपोषण केले’ऐवजी ‘येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले’ लिहिलं की चौरीचौरा सुटतो. ‘गोलमेज परिषदे’ला ‘दुसऱ्या’ जोडा, त्या एकाच परिषदेला गांधीजी गेले होते. सूचनेतही ‘थेट’ हा शब्द हवा, नाहीतर लांबच्या परिणामांची साखळी कुठेही नेता येते. चौरीचौऱ्यामुळे असहकार थांबला, त्यामुळे पुढे स्वराज्य पक्ष निघाला. मग स्वराज्य पक्ष हा चौरीचौऱ्याचा परिणाम की नाही? वर्गात यावर अर्धा तास छान बोलता येईल, पण एका गुणाच्या जोडीत तो वाद नको.

तर पक्का प्रश्न असा:

*‘अ’ गटातील घटनेमुळे गांधीजींनी लगेच जी थेट कृती केली ती ‘ब’ गटातून निवडा. ‘ब’ गटातील दोन पर्याय जास्त आहेत. एक पर्याय एकदाच वापरा.*

‘अ’ गट
१) रौलट कायदा मंजूर झाला.
२) चौरीचौरा येथे पोलीस ठाणे जाळण्यात आले.
३) व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी करार झाला.
४) जातीय निवाडा जाहीर झाला.

‘ब’ गट
क) दुसऱ्या गोलमेज परिषदेला हजर राहिले.
ख) येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले.
ग) मिठाचा कायदा मोडण्यासाठी यात्रा काढली.
घ) देशभर हरताळ पाळण्याचे आवाहन केले.
च) असहकार चळवळ स्थगित केली.
छ) वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

उत्तरं १-घ, २-च, ३-क, ४-ख.

‘ग’ पर्याय मुद्दाम ठेवलाय, दोन प्रकारच्या मुलांसाठी. एक जण फक्त शब्दाला शब्द जुळवतो. त्याला ‘रौलट कायदा’ आणि ‘मिठाचा कायदा’ यांत ‘कायदा’ दिसतो आणि तो तिथे अडकतो. दुसऱ्याला दांडी यात्रा आणि आयर्विन यांचा संबंध आहे एवढं आठवतं, पण आधी काय आणि नंतर काय ते माहीत नसतं. यात्रा मार्च १९३० ची, करार मार्च १९३१ चा. करारामुळे यात्रा निघालेली नाही, उलट यात्रेने सुरू झालेल्या आंदोलनामुळे सरकारला कराराकडे यावं लागलं. ज्याने ‘३-ग’ लिहिलं त्याला कारण आणि परिणाम उलटे समजलेत हे तुम्हाला त्या एका अक्षरातून कळतं. नुसतं ‘चुकलं’ यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

‘छ’ त्या मानाने कमजोर आहे, हे कबूल करतो. वैयक्तिक सत्याग्रह १९४० चा, चौकटीच्या बाहेरचा. पण मुलं तो कुठे बसवायचा यात गोंधळतात, आणि वीस घरांत तो कुठेच अडत नाही, म्हणून राहू दिला.

असे पर्याय डोक्यातून काढू नका, वह्यांतून काढा. ‘परिणाम लिहा’ या प्रश्नाला मुलांनी जी चुकीची उत्तरं लिहिली असतील ती एका वहीत टिपून ठेवा. वर्षभरात पन्नास-साठ चुका जमतात. मुलांची खरी चूक हाच सर्वांत चांगला जादा पर्याय असतो, कारण ती आधीच कुणाला तरी खरी वाटलेली असते. त्यातली जी चूक चोवीस घरांत अडत नाही, ती उचलायची.

आपल्या भागातला इतिहास घ्याल तर एक जास्तीची काळजी घ्या. मी एकदा १७०७ नंतरच्या सातारा गादीवर जोड्या काढल्या होत्या. त्यात ‘वारणेचा तह’ आणि समोर ‘सातारा व कोल्हापूर राज्यांची हद्द ठरली’ असं होतं. वाळवा-शिराळ्याकडून आलेल्या सगळ्या मुलांची ती जोडी बरोबर, मीही खूश. मग लक्षात आलं की वारणा ओलांडली की कोल्हापूर लागतं हे त्यांना एसटीच्या खिडकीतून माहीत आहे. १७३१ चा तह, शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे, यातलं काहीही माहीत नसताना ती जोडी लागत होती. तिथे हद्दीऐवजी तहाचा दुसरा परिणाम घ्यायला हवा होता: दोन गाद्यांमधला वर्षानुवर्षांचा झगडा मिटला. गावाचं, नदीचं, गडाचं नाव एका बाजूला आणि त्याचाच पत्ता दुसऱ्या बाजूला, हे आपल्याकडच्या प्रश्नांत फार होतं.

आता मांडणीचं थोडक्यात. मुलांना एक नियम पाठ असतो: “समोरासमोर जोडी कधीच नसते.” आपणच हा नियम शिकवलाय, कारण उत्तर समोर येऊ नये म्हणून प्रत्येक ओळ सरकवतो. चारास चारच्या प्रश्नात हे कळलं की चोवीस मांडण्यांतल्या नऊच उरतात आणि फुकटचा गुण एकावरून सव्वाच्या वर जातो. म्हणून ‘ब’ गटाचा क्रम मी चिठ्ठ्या टाकून ठरवतो. येईल तसा घ्यायचा, कधी एखादी जोडी समोरासमोर आली तर येऊ द्यायची. वरच्या प्रश्नातला क्रमही तसाच आलाय.

वाक्यांची लांबीही बघा. पाठ्यपुस्तकातून उचललेलं बरोबर उत्तर लांब आणि ठाशीव असतं, आपण घातलेले जादा पर्याय आखूड. मुलं ते बरोबर हेरतात. सगळी वाक्यं आपल्याच शब्दांत लिहिली की हा फरक बराच जातो. आणि दोन्ही गट एकाच पानावर आले पाहिजेत. छापताना पान उलटलं तर मूल इतिहासात नाही, पानं उलटण्यात चुकतं.

चाचणी झाल्यावर गुण देऊन थांबू नका. एका कागदावर तेच चोवीस घरांचं कोष्टक काढा आणि प्रत्येक मुलाच्या उत्तराची त्या घरात एक रेघ मारा. पन्नास मुलांच्या वर्गाला वीस मिनिटं लागतात. एखाद्या जादा पर्यायाखाली रेघच नसेल तर तो मेलेला पर्याय, पुढच्या वेळी बदला. एखाद्या चुकीच्या घरात रेघांचा गठ्ठा दिसला तर आधी बघा की त्या रेघा कुणाच्या आहेत. एरवी मागे पडणाऱ्यांच्या असतील तर पर्यायाने काम केलंय, तो भाग पुन्हा शिकवा. पण वर्गातली चांगली मुलं तिथे गेली असतील तर आपलंच त्या वीसपैकी एखादं घर चुकलंय असं समजा, पुस्तक उघडा, आणि गरज पडली तर सगळ्यांना गुण देऊन तो पर्याय वहीत कारणासह खोडून ठेवा.

आणि काही घटना या प्रकारात घालूच नका. १८५७ चा उठाव घेतला की समोर ‘कंपनीची सत्ता संपली’ एवढं एकच येतं. ते कुणी चुकवत नाही आणि त्याच्या जवळपास बसेल असा खोटा पर्याय सापडत नाही, म्हणजे ती जोडी फुकटच जाते. त्याचे परिणाम लिहूनच विचारा. ‘छोडो भारत’ चळवळीचंही तसंच: आपल्या भागात त्यातून प्रतिसरकार उभं राहिलं, इतरत्र वेगळं काही. एका ओळीत ती मावत नाही, त्यासाठी चार ओळींचं उत्तर मागा आणि जोडीतून तिला वगळा.